मखराची कमान पडद्यावर गुळगुळीत, प्लायवर बिघडलेली: काय तपासायचं

चवथ आणि नवरात्र जवळ आली की फोंड्याच्या आसपासच्या, प्लाय कापणाऱ्या राउटरवाल्यांचे मला ठरावीक फोन सुरू होतात. कोणी मखराची कमान कापलेली असते, कोणी कोयरीची जाळी, कोणी देवळासाठी प्रभावळ. आकार चार-पाच बिंदूंच्या सरळ रेषांनी काढायचा, मग कोपरे छाटत छाटत त्याचा वक्र करायचा, ही पद्धत आता बऱ्याच जणांच्या स्क्रिप्टमध्ये असते. बिघाडही फिरून फिरून तेच येतात. म्हणून लक्षणं आधी देतो आणि तपासण्या फुकटातल्यापासून महागाकडे.

लक्षणं

- कमानीचा शेंडा काढला होता त्यापेक्षा खाली येतो. फेऱ्या वाढवल्या तरी वर सरकत नाही.
- कमानीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, अधांतरी सुटतात. किंवा उलट, जमिनीखाली जातात.
- बंद आकारात सगळे कोपरे गोल होतात, एकच टोकदार राहतो.
- डावी बाजू आणि उजवी बाजू जुळत नाही.
- रेषांच्या बरोबर मध्यावर बारीक मुरड दिसते.
- मशीन वळणावर थरथरतं, कडा करपते.
- कडेला चकचकीत पट्टी लावली की प्रकाशाची रेघ एका जागी मोडल्यासारखी दिसते.

आधी एक कमान समोर ठेवू

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर सांगतो. माप मिलिमीटरमध्ये. डावा पाय (०, ०), डावा खांदा (०, ९००), शेंडा (६००, १४००), उजवा खांदा (१२००, ९००), उजवा पाय (१२००, ०). रुंदी १२०० ठेवली, म्हणजे आठ बाय चार फुटी प्लायमध्ये बसते. या पाच बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषांना मी सांगाडा म्हणतो. पुस्तकात त्याला कंट्रोल पॉलिगॉन म्हणतात.

पद्धत अशी: सांगाड्याच्या प्रत्येक रेषेवर पावावर एक आणि पाऊणवर एक असे दोन बिंदू घ्यायचे, जुने बिंदू टाकून द्यायचे आणि नवे क्रमाने जोडायचे. प्रत्येक कोपरा छाटला जातो, एकाचे दोन बोथट कोपरे होतात. पुन्हा तेच करायचं. जॉर्ज चायकिन यांनी १९७४ मध्ये ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी रिझनफेल्ड यांनी दाखवलं की फेऱ्या वाढवत नेल्या की हे ज्या वक्राकडे जातं तो सीमावक्र म्हणजे पॅराबोलाचे तुकडे एकमेकांना जोडून झालेला द्विघाती बी-स्प्लाइन असतो.

```
def cut(p, closed):
    n = len(p)
    m = n if closed else n - 1
    q = []
    for i in range(m):
        ax, ay = p[i]
        bx, by = p[(i + 1) % n]
        q.append((0.75*ax + 0.25*bx, 0.75*ay + 0.25*by))
        q.append((0.25*ax + 0.75*bx, 0.25*ay + 0.75*by))
    return q
```

तपासणी १: शेंडा खाली आलाय, पण तो बिघाड आहे का?

यात पैसा जात नाही, फक्त सांगाडा आणि वक्र एकावर एक ठेवून बघायचे. आपल्या कमानीत शेंड्याचा बिंदू १४०० वर आहे. पहिल्या फेरीत शेंड्याच्या डावीकडचा नवा बिंदू (४५०, १२७५) आणि उजवीकडचा (७५०, १२७५) येतो. मधली रेषा आडवी झाली आणि तिची उंची १२७५. आता पुढे कितीही फेऱ्या करा, या रेषेचा मध्य हलत नाही. कारण प्रत्येक फेरी रेषेला दोन्ही बाजूंनी सारखंच छाटते, मध्य जागेवरच राहतो. सीमावक्र प्रत्येक रेषेला तिच्या मध्यावर स्पर्श करतो, हा या पद्धतीचा सगळ्यात उपयोगी नियम. मूळ सांगाड्याच्या रेषांनाही तो लागू आहे, पहिल्या फेरीनंतरच्या रेषांनाही.

म्हणजे कमान १२५ मिमी खाली आली हा दोष नाही, पद्धतीचा स्वभाव आहे. फोनवर हमखास ऐकू येतं, ‘दादा, अजून दोन फेऱ्या मारूया, वर येईल.’ नाही येणार. हिशेब सोपा आहे: कोपऱ्याच्या दोन्ही शेजारी बिंदूंना जोडणारी रेषा काढा, कोपरा त्या रेषेच्या मध्यापासून जेवढा दूर, त्याच्या पाव भागाने वक्र आत येतो. इथे खांद्यांना जोडणारी रेषा ९०० वर, शेंडा तिच्यापासून ५०० वर, पाव भाग १२५.

तयार कमान १४०० हवी असेल तर सांगाड्याचा शेंडा वर न्यायचा. खांदे ९०० वर ठेवून शेंडा १५६६.६७ वर नेला की वक्र बरोबर १४०० ला पोचतो. मात्र यात खांद्याजवळचं वळणही बदलतं. खांदा आणि शेंडा यांच्यामधला स्पर्शबिंदू ११५० वरून १२३३ वर जातो, कमान जरा भरदार दिसते. ते डोळ्याला पटतंय का हे कापण्याआधी कागदावर पूर्ण मापाची प्रिंट काढून बघा. प्लायपेक्षा कागद स्वस्त.

तपासणी २: बंद आकारातला एक टोकदार कोपरा

कोयरी, पाकळी, कमळ असे बंद आकार फाइलमधून येतात तेव्हा बऱ्याचदा पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहिलेला असतो. आकार बंद आहे हे सांगायची ती रीत. आपली स्क्रिप्टही शेवटून पहिल्याकडे स्वतःच वळते. मग तो बिंदू दोनदा धरला जातो आणि दोघांमध्ये शून्य लांबीची रेषा तयार होते. वर सांगितलेला नियम तिलाही लागतो: वक्र तिच्या मध्याला शिवतो, आणि मध्य म्हणजे तोच बिंदू. परिणामी वक्र त्या कोपऱ्यात सरळ शिरतो आणि सरळ बाहेर पडतो. टोक तसंच राहतं.

उपाय: शेवटचा बिंदू पहिल्यासारखाच असेल तर काढून टाका. पण तुलना करताना ‘अगदी सारखा’ असं विचारू नका. पहिल्या बिंदूत ३००.००० आणि शेवटच्यात ३००.००१ असं असतं. स्क्रिप्टला ते दोन वेगळे बिंदू वाटतात, रेषा हजारांश मिलिमीटरची राहते आणि टोक एवढं बारीक गोल होतं की हाताला टोकच लागतं. दोन बिंदू ०.०१ मिमीच्या आत असतील तर एकच समजा. तपासणी फक्त शेवटी नको, सगळ्या शेजारी जोड्यांवर करा. माउसने काढताना चुकून दोनदा क्लिक झालेले बिंदूही त्यात सापडतात.

कोयरीचं टोक टोकदारच हवं असेल तर हाच बिघाड कामाला येतो. तो बिंदू मुद्दाम दोनदा लिहा. बाकी सगळं गोल होईल, टोक राहील. अशा आकारावर वरची साफसफाई चालवायची असेल तर ती आधी करा आणि टोकाचा बिंदू नंतर दुप्पट करा, नाहीतर साफसफाईच त्याला पुसून टाकते.

तपासणी ३: पाय अधांतरी

उघड्या आकारात पहिल्या रेषेचा पाव भाग पहिल्याच फेरीत जातो, मग उरलेल्याचा पाव, मग त्याच्या उरलेल्याचा. पाय आणि खांदा यांच्यामधली रेषा ९०० ची, तिचा मध्य ४५० वर. सीमावक्र तिथेच सुरू होतो. म्हणजे कमान जमिनीपासून ४५० मिमी वर लटकते. फेऱ्या कमी असल्या की ही तूट लहान दिसते (एका फेरीनंतर २२५, दोननंतर ३३७.५), म्हणून पडद्यावर कोणाच्या लक्षात येत नाही.

इथे दोन उपाय आहेत आणि ते वेगवेगळे दिसतात. निवड आपल्या खांबावरून करायची.

पहिला उपाय, पायाचा बिंदू दोनदा लिहा. मग वक्र पायापासून सुरू होतो, ४५० पर्यंत अगदी सरळ वर जातो आणि तिथून वळायला लागतो. खाली सरळ लाकडी खांबाला कमान टेकवायची असेल तर हेच हवं. प्रत्येक फेरीत पहिला आणि शेवटचा बिंदू जसाच्या तसा ठेवणाऱ्या स्क्रिप्टही नेमका हाच वक्र देतात.

दुसरा उपाय, पायाचा बिंदू बदलून त्याच्या जागी खांद्याचं पायापलीकडचं प्रतिबिंब ठेवा. आपल्या उदाहरणात (०, ०) च्या जागी (०, −९००). आता या नव्या बिंदूपासून खांद्यापर्यंतच्या रेषेचा मध्य म्हणजे (०, ०), वक्र तिथूनच सुरू होतो आणि लगेच वळायला लागतो. प्रभावळीसारख्या आकाराला हे शोभतं.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. इतर प्रकारच्या वक्रांच्या कृतीत ‘प्रतिबिंबाचा बिंदू आधी जोडा’ असं लिहिलेलं असतं, आणि लोक जुना बिंदू न काढता नवा त्याच्या आधी घालतात. मग पहिली रेषा (०, −९००) ते (०, ०) होते, तिचा मध्य −४५० वर, आणि कमान अर्ध्या मीटरजवळ जमिनीखाली सुरू होते. लक्षणांत ‘पाय जमिनीखाली’ असेल तर दुसरं काही बघूच नका, हेच झालेलं असतं.

तपासणी ४: डावं-उजवं जुळत नाही, किंवा मध्यावर मुरड

सांगाडा आरशासारखा सममित असेल तर वक्रही तसाच यायला हवा. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूच्या आडव्या मापांची बेरीज १२००, दुसऱ्या आणि शेवटून दुसऱ्याची १२००, अशी सगळीकडे यायला हवी. नाही आली तर स्क्रिप्ट नवे बिंदू जुन्याच यादीत लिहिते आहे. डावीकडून सुरुवात केली की दुसऱ्या रेषेपर्यंत पोचेतो तिचा पहिला बिंदू आधीच बदललेला असतो, आणि चूक उजवीकडे साचत जाते. वरच्या कोडमध्ये `q` ही वेगळी यादी आहे ती याचसाठी.

मुरडीचं कारण वेगळं. काही स्क्रिप्टमध्ये छाटायचं प्रमाण सरकपट्टीवर दिलेलं असतं आणि लोक ती ‘गुळगुळीतपणा’ समजून ओढतात. पाव सोडून दुसरं प्रमाण घेतलं की वक्र पॅराबोलाचा राहत नाही. का, ते थोडक्यात असं. प्रत्येक टोकाकडून रेषेचा w एवढा भाग छाटला, तर स्पर्शबिंदूजवळ रेषेच्या दिशेने सगळं दर फेरीला 1 − 2w पटीने आक्रसतं आणि रेषेला काटकोनात w पटीने. पॅराबोलाची खोली लांबीच्या वर्गाने बदलते, म्हणून w = (1 − 2w)² हवं, आणि कामाची अशी एकच किंमत आहे, 1/4. पावापेक्षा कमी छाटलं की स्पर्शबिंदूजवळ वक्र जरुरीपेक्षा सपाट होतो. जास्त छाटलं की तिथे वळण एकवटतं. एक तृतीयांश ही हद्द आहे. त्यापुढे खोली लांबीपेक्षा हळू आक्रसते, वक्राला तिथे एकच स्पर्शरेषा उरत नाही, आणि प्रत्येक रेषेच्या मध्यावर खरा कोपरा तयार होतो. फेऱ्या वाढवून तो जात नाही. एक तृतीयांशाने छाटलेल्या बहुभुजाचा अभ्यास जॉर्ज द राम या गणितज्ञाने १९४७ मध्येच केला होता. वक्र सुंदर आहे, पण सुताराच्या कामाचा नाही.

प्रमाण किती लावलंय हे कोड न उघडताही कळतं. शेंडा मोजा. पाव असेल तर १२७५, ०.४ असेल तर १२००.

तपासणी ५: मशीन थरथरतं

पाय दुप्पट करून आपल्या कमानीचे सात बिंदू झाले. पाच फेऱ्यांनंतर १६२ बिंदू होतात, दहानंतर ५१२२, बारानंतर २०,४८२. दुसरीकडे, छाटलेल्या सांगाड्याचे कोपरे सीमावक्रापासून जेवढे दूर असतात ते अंतर दर फेरीला चौथाई होतं. सुरुवातीला ते जास्तीत जास्त १२५ मिमी असतं, पाच फेऱ्यांनंतर ०.१२ मिमी, सहानंतर ०.०३. सहा मिमीच्या बिटने प्लाय कापताना त्याहून बारीक अचूकता मशीन देत नाही, आणि पॉलिश पेपरचा एक हात तेवढं सहज पुसतो. म्हणून पाच किंवा सहा फेऱ्यांवर थांबा.

बारा फेऱ्यांत काय होतं बघा. कमानीची लांबी साधारण ३.१ मीटर, म्हणजे एकेक तुकडा सरासरी ०.१५ मिमीचा. मशीन सेकंदाला १०० मिमी चालवायचं असेल तर सेकंदाला साडेसहाशेच्या वर आज्ञांच्या ओळी पोचायला हव्यात. `G1 X600.000 Y1275.000` ही एक ओळ, शेवटच्या खुणेसकट २२ अक्षरं. ११५२०० बॉड वेगाच्या केबलमधून सेकंदाला फार तर ५२० अशा ओळी जातात. मशीन उपाशी राहतं, थांबत थांबत चालतं, बिट एका जागी घासत राहतो आणि लाकूड करपतं. लोक मग वेग कमी करतात. त्याने करपणं वाढतं.

खरं तर फेऱ्यांची गरजच नाही. सीमावक्र नेमका माहीत आहे, मग तोच एसव्हीजी फाइलमध्ये लिहावा. प्रत्येक खांदा आणि शेंडा हा एका द्विघाती बेझिए तुकड्याचा कंट्रोल बिंदू, आणि रेषांचे मध्य हे त्या तुकड्यांची टोकं:

```
M 0 0 L 0 450
Q 0 900 300 1150
Q 600 1400 900 1150
Q 1200 900 1200 450
L 1200 0
```

एवढ्या पाच ओळींत अख्खी कमान आली, तीही तंतोतंत. एसव्हीजीमध्ये उभा अक्ष खाली वाढतो, म्हणून चित्र उलटं दिसेल. ते आडव्या रेषेत पालटून घ्या. पुढे वक्राचे किती तुकडे करायचे ते कॅम सॉफ्टवेअरला ठरवू द्या, सहनशीलता ०.०५ मिमी पुरते. संगणकातले ट्रूटाइप फॉन्ट अक्षरांची वळणं याच द्विघाती तुकड्यांनी साठवतात आणि मध्यबिंदू बऱ्याचदा लिहीतही नाहीत, कारण तो काढता येतो.

बिटची जाडीही कॅममध्येच द्या. तीन मिमी बाहेर सरकवलेला सांगाडा पुन्हा छाटला तर तो मूळ वक्राला समांतर येत नाही.

तपासणी ६: पट्टीवरची मोडलेली चमक

ही सगळ्यात अवघड, कारण इथे स्क्रिप्ट बरोबर असते. तुकडे जिथे जुळतात तिथे दिशा जुळते, पण वळणाची त्रिज्या जुळत नाही. आपल्या कमानीत (३००, ११५०) वर एका बाजूला त्रिज्या सुमारे ८८२ मिमी, दुसऱ्या बाजूला ७९४. हा फरक कोणाला दिसत नाही. पण ४५० उंचीवर वक्र सरळ खांबातून एकदम १३५० मिमी त्रिज्येत शिरतो. रंगवलेल्या प्लायवर चालून जातं. सोनेरी पट्टी किंवा आरशासारखं सनमायका लावलं, वर झगमगती माळ लागली, की तिथे प्रकाशाची रेघ तुटते.

उपाय म्हणजे त्रिघाती वक्र. प्रत्येक बिंदू दुप्पट करून शेजारी-शेजारी बिंदूंची सरासरी दोनदा काढली की पाव-पाऊणची छाटणीच मिळते. तिसऱ्यांदा सरासरी काढली की त्रिघाती मिळतो, हे लेन आणि रिझनफेल्ड यांनी १९८० मध्ये मांडलं. त्यात त्रिज्याही सलग बदलते. किंमत अशी की वक्र सांगाड्यापासून आणखी आत सरकतो: शेंडा १२३३ वर येतो, रेषांना मध्यावर स्पर्श करण्याचा नियम जातो, आणि तपासणी ३ मधले पायांचे उपाय नव्याने करावे लागतात. एवढं करायची तयारी नसेल तर इथे थांबा आणि कॅडवर वक्रांचं काम करणाऱ्या माणसाला फाइल द्या. त्याला सांगा की खांब आणि कमान यांच्या सांध्यावर वक्रता सलग हवी. एवढं वाक्य त्याला पुरतं.

कुठे थांबायचं

पडद्यावर वक्र बरोबर आहे, शेंडा आणि पाय मोजून जुळतात, तरी प्लायवर चुकतंय? मग आधी १०० मिमीचा चौरस आणि १०० मिमीचं वर्तुळ कापून मोजा. चौरसाची एक बाजू कमी-जास्त भरली, किंवा वर्तुळ अंड्यासारखं आलं, तर दोष मशीनचा आहे. पट्टा सैल असेल, स्क्रूमध्ये ढिलेपणा असेल, किंवा दर मिलिमीटरच्या पावलांची नोंद चुकली असेल. स्क्रिप्टला हात लावू नका, मशीन बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाला बोलवा. सांगाडा वाकडा करून मशीनची चूक झाकली की पुढच्या प्रत्येक कामात ती वेगळ्या जागी बाहेर येते.

आणि नवरात्रात देवाला बसवून हलवायचं मखर असेल तर ही सगळी पद्धत फक्त पुढच्या नक्षीच्या फळीपुरती वापरा. जिथे वजन पेलायचं, दोर अडकवायचे, झोका घ्यायचा, ती लाकडी चौकट देवळाच्या सुतारमेस्ताकडेच जाऊ दे. प्लायमधून कापलेली वक्र कमान कुठे पातळ पडेल हे वक्राच्या सूत्रातून कळत नाही, थरांच्या दिशेवरून आणि सांध्यांवरून कळतं. मेस्ताला पूर्ण मापाची कागदी प्रिंट द्या, तिच्यावर शेंड्याची तयार उंची, पायांमधलं अंतर आणि वक्र जिथे सुरू होतो ती ४५० ची खूण लिहा. सांगाड्याचे बिंदू मात्र त्या कागदावर छापू नका, नाहीतर १४०० चा बिंदू बघून तो फळी तेवढी उंच कापतो.